एएनए पॉझिटिव्ह, १:१६०, स्पेकल्ड: थकलेल्या बाईचा रिपोर्ट कसा वाचायचा

चार-सहा महिने अंगात त्राण नाही म्हणून डॉक्टरांकडे गेलेल्या बाईला हल्ली तपासण्यांची लांब यादी मिळते आणि तिच्यात कुठेतरी एएनए असतो, म्हणजे स्वतःच्याच पेशींच्या केंद्रकाविरुद्धची प्रतिपिंडं शोधणारी रक्ततपासणी. फोंड्यातल्या किंवा म्हापशातल्या कलेक्शन सेंटरवर रक्त घेतात, सॅम्पल बऱ्याचदा गोव्याबाहेरच्या मोठ्या लॅबला जातं, आणि एक-दोन दिवसांनी मोबाईलवर रिपोर्ट येतो: एएनए पॉझिटिव्ह, टायटर १:१६०, पॅटर्न स्पेकल्ड. आकडा जाड अक्षरात छापलेला आणि खाली एसएलई म्हणजेच ल्युपस, शोग्रेन, स्क्लेरोडर्मा अशा, प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटते त्या स्वप्रतिकारक आजारांच्या नावांचा तक्ता. डॉक्टरांची अपॉइंटमेंट सोमवारी असली तर तोवर घरात सगळ्यांनी ल्युपस या शब्दावर जे मिळेल ते वाचून काढलेलं असतं.

हा लेख नेमक्या त्याच रिपोर्टबद्दल आहे: वय साधारण तीस ते पन्नास, मुख्य तक्रार थकवा, आणि एएनए मध्यम पॉझिटिव्ह. ज्यांना ल्युपसचं निदान आधीच झालं आहे किंवा ज्यांच्या लघवीतून प्रोटीन जात आहे, त्यांची गोष्ट वेगळी.

आधी हे बघा की तपासणी कोणत्या पद्धतीने झाली

रिपोर्टवर एएनएच्या नावापुढे पद्धत लिहिलेली असते. 'आयएफए', 'आयआयएफ' किंवा 'हेप-२' असं काही असेल तर ती चकाकी पाहून केलेली तपासणी. 'एलायझा' किंवा 'सीएलआयए' असेल तर ते यंत्रावरचं मोजमाप. त्यात १.३ किंवा २.१ असा एक आकडा येतो, टायटर येत नाही आणि पॅटर्नही नाही. बहिणीचा एलायझावरचा १.८ आणि तुमचा १:१६० यांची तुलना करून काही हाती लागत नाही.

चकाकीची तपासणी अशी होते. माणसाच्या कर्करोगाच्या पेशींपासून प्रयोगशाळेत वाढवलेल्या हेप-२ पेशी काचेच्या स्लाइडवर चिकटवलेल्या असतात. रक्तातलं सीरम पातळ करून तिच्यावर घालतात आणि साधारण अर्ध्या तासाने धुतात. सीरममध्ये पेशीच्या केंद्रकाला चिकटणारी प्रतिपिंडं असतील तर ती तिथे राहतात. मग त्या प्रतिपिंडांना पकडणारा हिरवा चमकणारा रंग घालतात, पुन्हा धुतात, आणि अंधाऱ्या खोलीत फ्लुरोसन्स मायक्रोस्कोपखाली बघतात. हिरवं दिसलं की पॉझिटिव्ह. मग सीरम दुप्पट-दुप्पट पातळ करत जातात: १:८०, १:१६०, १:३२०, १:६४०. ज्या पातळपणापर्यंत हिरवं दिसतं तो टायटर.

हे 'दिसतं' म्हणजे माणसाच्या डोळ्याला दिसतं, किंवा अलीकडे यंत्राने काढलेल्या फोटोवर माणूस शिक्कामोर्तब करतो. १:१६० ला अंधुक हिरवं आहे की नाही यावर दोन अनुभवी तंत्रज्ञांचं एकमत होईलच असं नाही. दिवा जुना झाला, दुसऱ्या कंपनीच्या स्लाइड आल्या, तरी उत्तर एक पायरी वर-खाली होतं. म्हणून एका लॅबचा १:८० आणि दुसरीचा १:१६० हे एकच उत्तर धरायचं. 'महिन्याभरात दुप्पट झाला' असं म्हणून घाबरण्याचं कारण नाही. काही लॅब १:१००, १:३२०, १:१००० अशा वेगळ्याच पायऱ्या वापरतात आणि काही नुसतं एक, दोन, तीन अधिक चिन्हांत उत्तर देतात, तेव्हा तर तुलनाच सोडून द्यावी.

टायटर काय सांगतो

१९९७ साली वेगवेगळ्या देशांतल्या लॅबनी मिळून २० ते ६० वयाच्या निरोगी माणसांचं रक्त याच पद्धतीने तपासलं. १:४० ला ३१.७ टक्के पॉझिटिव्ह निघाले, १:८० ला १३.३ टक्के, १:१६० ला ५ टक्के, आणि १:३२० लाही ३.३ टक्के. म्हणजे धडधाकट अशा शंभर माणसांत पाच जणांकडे तुमच्यासारखाच रिपोर्ट निघेल. त्यांनी तपासणी केली नाही म्हणून त्यांना ते माहीत नाही, एवढंच.

आता थकव्याचा हिशेब करू. समजा, हजार बायका नुसत्या थकव्याची तक्रार घेऊन आल्या आणि सगळ्यांची एएनए केली. त्यांच्यात ल्युपस किती जणींना असेल? सढळ हाताने धरू, हजारात ५. खरा आकडा बहुधा याहून कमी असेल, पण आपण मुद्दाम आजाराच्या बाजूने झुकतं माप देऊ. ल्युपस असलेल्यांची एएनए बहुतेक वेळा पॉझिटिव्ह येतेच, म्हणून त्या पाचही पॉझिटिव्ह धरा. उरलेल्या ९९५ जणींपैकी ५ टक्के, म्हणजे सुमारे ५० जणी, काहीही आजार नसताना १:१६० दाखवतील. एकूण पॉझिटिव्ह झाल्या ५५ आणि त्यात आजारी ५. अकरात एक. झुकतं माप दिलं नाही आणि हजारात एकच धरली, तर पन्नासात एक. आणि हा हिशेब पुढचे प्रश्न विचारण्याआधीचा आहे. ते विचारून काही सापडलं नाही तर शक्यता आणखी बरीच खाली जाते.

याच आकडेमोडीतून दुसरी बाजूही दिसते. ज्या बाईची एएनए नीट पद्धतीने करून निगेटिव्ह आली, तिला ल्युपस असण्याची शक्यता फारच थोडी राहते. ही तपासणी आजार बाद करायला चांगली आहे, पण आजार सिद्ध करायला तोकडी पडते. दुर्दैवाने ती वापरली जाते दुसऱ्याच कामासाठी.

टायटर चढत गेला की मात्र वजन वाढतं. १:६४० आणि त्याच्यावर निरोगी माणसं विरळ होत जातात. तरीही आकडा एकटा निदान करत नाही. तो फक्त डॉक्टरांना सांगतो की पुढचे प्रश्न जरा जास्त खोदून विचारा.

पॅटर्न काय सांगतो

पॅटर्न म्हणजे हिरवं नेमकं कुठे आणि कसं दिसलं त्याचं वर्णन. आंतरराष्ट्रीय समितीने या नमुन्यांना क्रमांक दिलेले आहेत, म्हणून चांगल्या रिपोर्टवर एसी-१, एसी-४ असं लिहिलेलं आढळतं.

'होमोजिनस', म्हणजे एसी-१, यात अख्खं केंद्रक सारखं हिरवं दिसतं आणि विभागणीच्या अवस्थेतल्या पेशींमध्ये गुणसूत्रांची पट्टीही चमकते. 'फाइन स्पेकल्ड', एसी-४, यात बारीक ठिपके दिसतात आणि ती पट्टी काळी राहते. हा सगळ्यांत जास्त वेळा येणारा आणि सगळ्यांत कमी बोलणारा पॅटर्न. ल्युपसमध्ये येतो, शोग्रेनमध्ये येतो, थायरॉइडच्या आजारात येतो आणि कोणताही आजार नसताना तर ढीगभर येतो.

'डेन्स फाइन स्पेकल्ड', एसी-२, याची गंमत वेगळी आहे. ठिपके दाट असतात आणि पट्टीही ठिपक्यांसकट चमकते. त्यामागे बहुतेकदा डीएफएस-७० नावाच्या प्रथिनाविरुद्धचं प्रतिपिंड असतं. ते एकटंच असेल, सोबत दुसरं कोणतंही नसेल, तर ल्युपससारखे आजार असण्याची शक्यता उलट कमी धरली जाते. अडचण एवढीच की मायक्रोस्कोपखाली हा पॅटर्न एसी-१ आणि एसी-४ या दोघांसारखा दिसू शकतो. चूक इथेच जास्त होते. टायटर १:६४० पर्यंत चढलेला आहे पण बाईची तब्येत ठणठणीत आहे, असं दिसलं तर डीएफएस-७० ची वेगळी तपासणी करून प्रश्न मिटवता येतो.

दोन पॅटर्नकडे मात्र नुसत्या थकव्यातही दुर्लक्ष करू नये. पहिला 'सेंट्रोमिअर', एसी-३. यात वेगळे वेगळे, मोजता येतील असे ठिपके दिसतात. हा आला तर स्क्लेरोडर्माचा विचार मनात ठेवून बोटांबद्दल नीट विचारा: फ्रीजरमध्ये हात घालताना, बाजारातून आणलेली बर्फातली मासळी साफ करताना, ऑफिसच्या एसीखाली, बोटं आधी पांढरीफटक, मग निळसर आणि नंतर लाल होतात का? गोव्याच्या हवेत थंडीने बोटं पांढरी पडण्याचा प्रसंगच कमी येतो, म्हणून 'थंडीत त्रास होतो का' एवढंच विचारून चालत नाही. दुसरा पॅटर्न केंद्रकाबाहेरचा, 'सायटोप्लाझ्मिक रेटिक्युलर', एसी-२१. काही लॅब तो एएनए निगेटिव्ह लिहून खाली बारीक अक्षरात नोंदवतात. यकृतातल्या पित्तनलिकांच्या पीबीसी नावाच्या आजारात तो येतो, आणि त्या आजारात थकवा आणि अंगाला खाज हीच मुख्य तक्रार असू शकते. रक्तातलं अल्कलाइन फॉस्फटेज वाढलंय का ते बघितलं की पुढची दिशा कळते.

आता रिपोर्ट बाजूला ठेवा आणि प्रश्न विचारा

इथे वीस मिनिटं द्यावी लागतात आणि सगळं काम इथेच होतं. डॉक्टरांकडे जाण्याआधी बाईने स्वतः उत्तरं लिहून नेली तर ओपीडीतली घाई अंगावर येत नाही.

सांध्यांबद्दल: कोणते सांधे दुखतात, आणि सकाळी उठल्यावर हाताची बोटं, मनगटं किती वेळ आखडलेली असतात. पोळपाट-लाटणं धरायला अर्धा तास लागतो का? जिने चढताना संध्याकाळी गुडघे दुखणं ही वेगळी गोष्ट. गोव्यात आणखी एक प्रश्न विचारायलाच हवा: गेल्या पावसाळ्यात ताप येऊन गेला का? चिकनगुनियानंतर बोटं, मनगटं, घोटे महिनोन्‌महिने सुजून दुखू शकतात. असा ताप येऊन गेला असेल आणि वर योगायोगाने एएनए पॉझिटिव्ह असेल, तर दोघांची गाठ मारायचा मोह होतो.

त्वचेबद्दल: उन्हात गेल्यावर चेहऱ्यावर, गळ्याखाली, दंडांवर पुरळ उठून दिवसेंदिवस टिकतं का? ल्युपसचा गालांवरचा चट्टा नाकपुडीपासून ओठाच्या कोपऱ्याकडे जाणारी घडी सहसा सोडून देतो. गालांवरचे तपकिरी वांग म्हणजे ल्युपस नव्हे, आणि दुपारी शेतावरून किंवा किनाऱ्यावरून आल्यावर तासाभर चेहरा लाल राहणं हेही नव्हे. तोंडात, विशेषतः टाळूवर, न दुखणारे व्रण येतात का? केस सगळीकडून विरळ होतात की ठरावीक जागी पुंजक्यांनी जातात?

आतल्या अवयवांबद्दल: खोल श्वास घेताना छातीत टोचतं का, लघवीला फेस येऊन तो टिकतो का, सकाळी पापण्या किंवा संध्याकाळी पाय सुजतात का, काही कारण नसताना ताप येतो का, वजन घटलंय का, पूर्वी पायात रक्ताची गाठ किंवा वारंवार गर्भपात झाला आहे का. हात वर करून केस विंचरायला किंवा खुर्चीतून उठायला जोर लागत असेल तर ती स्नायूंची कमजोरी, नुसता थकवा नव्हे.

कोरडेपणाबद्दल: तीन महिन्यांहून जास्त काळ डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होतं का? पाव किंवा सुकी भाकरी पाण्याच्या घोटाशिवाय उतरत नाही का? होय असेल तर शोग्रेनचा विचार करावा लागतो, आणि या आजारात थकवा खरोखरच मोठा असतो.

आणि औषधं. क्षयासाठीचं आयसोनियाझिड, ब्लडप्रेशरचं हायड्रालाझिन, मुरमांसाठीचं मिनोसायक्लिन, संधिवाताची काही बायोलॉजिकल इंजेक्शनं यांनी एएनए पॉझिटिव्ह होऊ शकते. थायरॉइडचा स्वप्रतिकारक आजार असलेल्या बायकांतही ती बऱ्याचदा पॉझिटिव्ह असते, आणि ल्युपसच्या पेशंटच्या धडधाकट बहिणी-मुलींतही.

यातलं एकही उत्तर 'होय' नसेल तर एएनएचा रिपोर्ट जवळजवळ मुका आहे.

मोजक्या तपासण्या

प्रश्नांनंतर, उत्तरं काहीही असोत, दोन तपासण्या कराव्यातच, कारण ल्युपस त्रास न देता जिथे घर करतो ती ठिकाणं त्यांत दिसतात. एक सीबीसी: पांढऱ्या पेशी ४,०००च्या खाली, प्लेटलेट १ लाखाच्या खाली, किंवा तांबड्या पेशी फुटल्याची चिन्हं. दुसरी लघवी. लघवी सकाळची पहिली, पाळीचे दिवस सोडून, मधल्या धारेची आणि तासा-दोन तासांत लॅबमध्ये पोचलेली हवी. गोव्याच्या उकाड्यात दुपारपर्यंत बाटलीत राहिलेल्या लघवीतले मूत्रपिंडातून येणारे नळीसारखे कास्ट विरघळतात, पेशी फुटतात आणि जे शोधायचं तेच हरवतं. प्रोटीन 'ट्रेस' आलं तर पुन्हा सकाळची लघवी देऊन प्रोटीन-क्रिएटिनिन रेशो करावा. तो ०.५ च्या वर असेल तर थांबायचं नाही.

बाकीच्या तपासण्या थकव्यासाठी आहेत, ल्युपससाठी नव्हेत: फेरिटिन, टीएसएच, बी-१२, साखर, क्रिएटिनिन, यकृताच्या तपासण्या, ईएसआर आणि सीआरपी, आणि पाळी चुकली असेल तर गर्भधारणेची चाचणी. झोप कशी होते, घोरणं आहे का, मन कशातच लागत नाही असं आहे का, हे प्रश्नही याच यादीत बसतात, फक्त त्यांची पावती होत नाही म्हणून ते राहून जातात.

एक चूक इथे सर्रास होते. एएनए पॉझिटिव्ह दिसताच 'एएनए प्रोफाइल' किंवा 'ब्लॉट' सांगितली जाते, ज्यात एका पट्टीवर पंधराच्या आसपास प्रतिपिंडं एकदम बघतात. जितकं जास्त शोधाल तितकं काहीतरी अंधुक निघणारच. एखाद्या रेषेपुढे 'बॉर्डरलाइन' किंवा एकच अधिक चिन्ह येतं आणि नवं नाव घरात शिरतं. विशेषतः आरओ-५२ ही रेष अनेक वेगवेगळ्या अवस्थांत दिसते आणि एकटी असेल तर कोणत्याच एका आजाराकडे बोट दाखवत नाही. डीएसडीएनए, सी-३, सी-४, स्मिथ या ल्युपससाठीच्या पुढच्या रक्ततपासण्या प्रश्नांत, सीबीसीत किंवा लघवीत काही सापडलं तर कराव्यात, आधी नाही.

एक उदाहरण, आकड्यांसकट

फोंड्याजवळच्या शाळेत शिकवणारी ३८ वर्षांची बाई धरू. चार महिने थकवा, केस गळतात, गुडघे दुखतात, गालांवर डाग. एएनए १:१६०, स्पेकल्ड. ब्लॉटवर आरओ-५२ बॉर्डरलाइन. ईएसआर ३८. ही सगळी यादी एका दमात वाचली की ल्युपसचं चित्र आपोआप तयार होतं, आणि नणंद-भावजयांच्या गप्पांत 'वहिनी, हे तेच असणार' हे ठरूनही जातं.

आता एकेक सुटं करून बघू. हिमोग्लोबिन १०.८, एमसीव्ही ७४, म्हणजे तांबड्या पेशी लहान. पांढऱ्या पेशी ६,२००, नॉर्मल. प्लेटलेट ४.१ लाख: ल्युपसमध्ये त्या कमी होण्याची भीती असते, इथे वरच्या अंगाला आहेत, आणि लोहाची कमतरता असली की त्या वाढतातच. फेरिटिन ७, म्हणजे लोहाचा साठा जवळजवळ संपलेला. टीएसएच ३.१. सीआरपी २. लघवीत प्रोटीन नाही, तांबड्या पेशी नाहीत.

ईएसआर ३८ कशामुळे? रक्त कमी असलं की तांबड्या पेशी नळीत लवकर खाली बसतात, त्यामुळे नुसत्या पंडुरोगानेही ईएसआर वाढतो. केस सगळीकडून सारखे गळतात, लोह कमी असताना गळतात तसे. गुडघे जिने चढताना दुखतात, सकाळी आखडत नाहीत आणि हाताचे सांधे साफ आहेत. डाग तपकिरी आहेत, घडीतही आहेत, आणि दुसऱ्या बाळंतपणापासूनचे: वांग. पाळीबद्दल विचारलं तर आठ दिवस चालते, पहिले तीन दिवस दर दोन तासांनी पॅड बदलावं लागतं आणि गुठळ्या जातात. 'सगळ्यांनाच जाते तशी' असं तिला वाटत होतं म्हणून तिने सांगितलं नव्हतं.

२०१९ साली युरोप आणि अमेरिकेच्या संधिवात-संस्थांनी मिळून ल्युपसचे जे निकष ठरवले, त्यात एएनए १:८० किंवा वर असणं हे फक्त आत शिरायचं दार आहे. त्याला स्वतःला शून्य गुण आहेत. आत शिरल्यावर सांधे, त्वचा, रक्त, मूत्रपिंड, प्रतिपिंडं अशा गटांतून १० गुण जमावे लागतात, त्यात किमान एक लक्षण शरीरावरचं हवं, आणि ज्या लक्षणाला दुसरं जास्त पटणारं कारण आहे ते मोजायचंच नाही. थकवा या यादीत कुठेच नाही. या बाईचे गुण शून्य. हे निकष संशोधनासाठी पेशंट निवडायला बनवले आहेत, निदानाचा शिक्का मारायला नव्हेत, पण एएनएला किती किंमत द्यायची हे त्यांतून स्वच्छ कळतं.

तिचा उपचार लोहाचा आणि पाळीचा. डॉक्टरांच्या सल्ल्याने साधारण ६० मिलिग्रॅम लोह असलेली एक गोळी रोज किंवा दिवसाआड, रिकाम्या पोटी, आणि आधी-नंतर तासभर चहा नाही. चहा हे तिथे खरं विघ्न आहे, कारण सकाळची गोळी आणि सकाळचा चहा एकाच वेळी घेतले की लोहाचा बराच भाग वाया जातो. चार आठवड्यांनी हिमोग्लोबिन पुन्हा करायचं. साधारण एक ग्रॅमने तरी चढायला हवं. तिचं ११.९ झालं तर निदान बरोबर आणि गोळी पोटात जाते आहे हे दोन्ही कळतं. नाही चढलं तर आधी गोळी नियमित घेतली का ते विचारायचं, मग रक्तस्राव सुरू आहे का ते, आणि मगच इतर कारणं. हिमोग्लोबिन नॉर्मल झाल्यावरही गोळी साधारण तीन महिने चालू ठेवावी लागते, नाहीतर साठा भरत नाही आणि थकवा परत येतो. जास्त जाणाऱ्या पाळीसाठी स्त्रीरोगतज्ज्ञाकडे सोनोग्राफी हवीच, फायब्रॉइड असेल तर ते तिथे दिसतं.

याच्या शेजारी दुसरी बाई ठेवा. वय २९, राहणार डिचोली, एएनए तोच १:१६०, पॅटर्न तोच. पण सकाळी तासभर बोटं मिटत नाहीत आणि बोटांचे सांधे सुजलेत, पांढऱ्या पेशी २,९००, लघवीचा प्रोटीन-क्रिएटिनिन रेशो ०.९. हिचे गुण सांध्यांचे ६, पांढऱ्या पेशींचे ३, प्रोटीनचे ४, एकूण १३. हिने पुढच्या महिन्याची तारीख घेऊन थांबायचं नाही. त्याच आठवड्यात संधिवाततज्ज्ञ किंवा बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजची मेडिसिन ओपीडी गाठायची, कारण मूत्रपिंडाला दिलेला उशीर नंतर भरून निघत नाही. एएनएचा आकडा दोघींचा सारखाच आहे. दोघींना वेगळं केलं ते हातांनी आणि लघवीने.

जे करू नये

'बघू तरी' म्हणून स्टेरॉइड सुरू करू नये. प्रेडनिसोलोनवर कोणालाही चार दिवस तरतरी येते, त्यावरून आजार स्वप्रतिकारक होता असं ठरत नाही. उलट खऱ्या आजाराची चिन्हं पुसली जातात आणि पुढच्या डॉक्टरला काहीच नीट दिसत नाही. ल्युपसमध्ये देतात ती हायड्रॉक्सिक्लोरोक्विनही निव्वळ रिपोर्टवर देण्याची गोळी नव्हे.

एएनए दर सहा महिन्यांनी परत करू नये. तो आजाराचा चढ-उतार दाखवत नाही. १:१६० चा १:३२० झाला तर घरात पुन्हा तोच गोंधळ, आणि १:८० झाला तर खोटा दिलासा.

'ल्युपस होण्याच्या कित्येक वर्षं आधी एएनए पॉझिटिव्ह होते' हे वाक्य इंटरनेटवर हमखास भेटतं. ते खरं आहे, पण उलट बाजूने वाचलेलं. अमेरिकी सैन्यातल्या साठवलेल्या रक्तावरचा हा अभ्यास २००३ साली आला. ज्यांना पुढे ल्युपस झालाच अशा १३० जणांचे जुने नमुने काढले, तेव्हा ८८ टक्क्यांत निदानाआधीच कोणतं ना कोणतं प्रतिपिंड सापडलं. आजाऱ्यांपासून मागे गेलं तर असं दिसतं. पॉझिटिव्ह असलेल्या निरोगी माणसांपासून पुढे गेलं तर बहुतेकांना काहीच होत नाही, कारण त्यांची संख्याच प्रचंड आहे.

एक अपवाद वेगळा लक्षात ठेवावा. ब्लॉटवर एसएसए किंवा आरओ-६० ठळक पॉझिटिव्ह असेल आणि बाईला मूल हवं असेल किंवा दिवस गेलेले असतील, तर तिला स्वतःला काही त्रास नसला तरी प्रसूतितज्ज्ञाला हे सांगायलाच हवं. हे प्रतिपिंड वारेतून बाळाकडे जातं, आणि शंभरात एक-दोन बाळांत हृदयाचे ठोके मंद करणारा ब्लॉक होऊ शकतो. साधारण सोळाव्या आठवड्यापासून बाळाच्या हृदयावर लक्ष ठेवायचं की नाही, हे तज्ज्ञ ठरवतात.

बाकी बायकांनी फाइलच्या पहिल्या पानावर डॉक्टरांकडून तारखेसह एक ओळ लिहून घ्यावी, म्हणजे पुढच्या प्रत्येक नव्या डॉक्टरकडे सगळं पहिल्यापासून सुरू होत नाही: 'एएनए १:१६० स्पेकल्ड, आयएफए पद्धत, सांधे, त्वचा, सीबीसी, लघवी तपासली, नॉर्मल, एएनए पुन्हा करू नये, सांधे सुजले, उन्हाने पुरळ आलं, लघवीला फेस आला, छातीत टोचलं किंवा बोटं पांढरी पडली तर सीबीसी आणि लघवी पुन्हा करावी.'